शंभर रुपयांतले पाच

"सर, या सगळ्यात माझा खर्च कुठे आहे?"

मेंटेनन्सच्या प्रमुखांनी हा प्रश्न विचारला तेव्हा मी सव्विसाव्या स्लाइडवर होतो. दीड तास होऊन गेला होता. समोर उत्पादन, खरेदी, विक्री, गुणवत्ता, मनुष्यबळ आणि मेंटेनन्स अशा सहा विभागांचे प्रमुख बसले होते. माझ्या स्लाइडवर वर्षाचं नफा-तोटा पत्रक होतं, त्याखाली बारा टिपा होत्या, आणि प्रत्येक टिपेसाठी पुढे वेगळी स्लाइड होती. त्यांनी गेल्या महिन्यात एका सीएनसी मशीनचा स्पिंडल बदलला होता. चार लाख रुपये गेले होते आणि त्यावरून त्यांना बोलणीही खावी लागली होती. ते चार लाख पत्रकात कुठे आहेत, एवढंच त्यांना हवं होतं. ते 'इतर खर्च' या ओळीत वीज, विमा, ऑडिट फी आणि गेटवरच्या सुरक्षारक्षकांच्या बिलाबरोबर मिसळलेले होते. पडद्यावर बोट ठेवून "हे बघा तुमचे" असं मला म्हणता येईना.

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी तेव्हा हिशेब विभाग सांभाळत होतो. फाउंड्रीकडून कास्टिंग विकत घ्यायचं, त्यावर मशीनिंग करायचं आणि पंप बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवायचं, असा तिथला धंदा. त्या दिवसानंतर मी स्लाइड कमी करत गेलो आणि शेवटी चारांवर थांबलो. त्या चार कोणत्या आणि का, ते इथे सांगतो. आकडे त्या कारखान्याचे नाहीत, सोयीसाठी गोल करून बसवलेले आहेत, पण त्यांचं वागणं अगदी खरं आहे.

आधी त्या प्रश्नाचं मूळ. कंपनी कायदा, २०१३ च्या तिसऱ्या परिशिष्टात नफा-तोटा पत्रकाचा नमुना ठरवून दिलेला आहे. वर उत्पन्न, खाली खर्च. खर्चाच्या ओळी अशा: वापरलेला कच्चा माल, साठ्यातला बदल, कर्मचाऱ्यांवरचा खर्च, व्याज, घसारा आणि इतर खर्च. या ओळींकडे नीट पाहिलं तर लक्षात येतं की खर्चाची वाटणी त्याच्या प्रकाराप्रमाणे केली आहे. म्हणजे पैसे माल देणाऱ्याला गेले, कामगाराला गेले की बँकेला गेले, हे पत्रक सांगतं. कोणाच्या निर्णयामुळे गेले, हे ते सांगत नाही. भागधारक, बँक आणि सरकार यांना पहिली माहिती पुरते. मॅनेजरला मात्र दुसरी हवी असते. त्यामुळे छापील पत्रक जसंच्या तसं पडद्यावर लावून ओळी वाचत जाणं हा समजावण्याचा मार्ग असूच शकत नाही. पत्रक उलगडून निर्णय घेणाऱ्याच्या बाजूने पुन्हा मांडावं लागतं, आणि ते काम हिशेब विभागाचंच आहे.

पहिली स्लाइड म्हणजे एक उभी पट्टी. कारखान्याची महिन्याची विक्री १ कोटी, नग १०,०००, नगाची किंमत १,००० रुपये. १ कोटी म्हणजे १०० लाख, म्हणून पट्टीची उंची १००. आता वरून खाली येऊ. ६० रुपये कास्टिंगचे. १० रुपये वीज, टूल इन्सर्ट, कूलंट आणि बाहेर करून घेतलेल्या जॉबवर्कचे. १४ रुपये पगार, मजुरी आणि भविष्य निर्वाह निधीतला कंपनीचा वाटा. ६ रुपये देखभाल, विमा, सुरक्षा आणि ऑफिस. ३ रुपये घसारा. २ रुपये बँकेचं व्याज. तळाशी उरतात ५ रुपये. त्यातून आयकर जातो. सवलतीचा दर निवडलेल्या कंपनीला अधिभार आणि सेस धरून २५.१७ टक्के कर पडतो, म्हणजे सव्वा रुपया. मालकाच्या हाती पावणेचार रुपये राहतात.

ही पट्टी गोल वर्तुळात काढू नका. वर्तुळात तुकडे दिसतात, क्रम दिसत नाही. पट्टीत डोळा वरून खाली येतो, आणि पत्रक वाचायची दिशाही तीच आहे. स्लाइडच्या माथ्यावर 'नफा-तोटा पत्रक, वर्ष अमुक' असं लिहिण्याऐवजी '१०० रुपयांच्या विक्रीत ५ रुपये उरतात' असं पूर्ण वाक्य लिहा. लोक बाकी सगळं विसरले तरी ते वाक्य घेऊन जातात. मीटिंगमध्ये सारखा कानावर पडणारा 'एबिटा' हा शब्दही इथेच दाखवून टाकावा. खालचे तीन तुकडे, म्हणजे उरलेले ५, व्याजाचे २ आणि घसाऱ्याचे ३, एकत्र धरले की १० होतात. तो एबिटा. कर्ज किती आहे आणि मशीन किती जुनी आहेत हे बाजूला ठेवून धंदा किती कमावतो, ते त्यातून कळतं. याहून जास्त त्याबद्दल बोलायची गरज नाही.

या पट्टीवर दोन शंका हमखास येतात. पहिली विक्री विभागाची. "आम्ही तर १ कोटी १८ लाखांची बिलं काढली, इथे १ कोटी कसे?" ते १८ लाख म्हणजे जीएसटी. तो आपण ग्राहकाकडून सरकारसाठी गोळा करतो, आपलं उत्पन्न म्हणून तो कधीच धरला जात नाही. दुसरी शंका मेंटेनन्सची, आणि ती जास्त मोलाची आहे. ४५ लाखांचं नवं मशीन घेतलं तर पत्रकात काय दिसतं? कंपनी कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात साधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरलं आहे. शेवटी येणाऱ्या भंगाराच्या किमतीचा हिशेब सोडला, तर वर्षाला ३ लाख आणि महिन्याला २५ हजार घसारा पडतो. पण जुन्या मशीनचा स्पिंडल बदलला तर ती दुरुस्ती ठरते आणि ४ लाख एकाच महिन्यात खर्ची पडतात. ५ लाख नफ्याच्या कारखान्यात त्या महिन्याचा नफा १ लाखावर येतो. ४५ लाखांची खरेदी पत्रकाला जाणवत नाही आणि ४ लाखांची दुरुस्ती त्याला लोळवते. मेंटेनन्सच्या माणसाला हे एकदा कळलं की महिन्याच्या बैठकीत आपल्यालाच बोलणी का बसतात, याचा उलगडा त्याला होतो. आणि हिशेबाच्या माणसानेही त्या महिन्याच्या पत्रकाखाली 'यात एकदाच झालेली ४ लाखांची दुरुस्ती आहे' अशी ओळ लिहायला हवी. तेवढा प्रामाणिकपणा आम्ही दाखवत नाही, म्हणून बाकीचे विभाग आमच्या आकड्यांकडे संशयाने बघतात.

आता दुसरी स्लाइड. चार स्लाइडमधून एकच दाखवायची मुभा असेल तर मी हीच निवडेन. पत्रकात एक ओळ असते: तयार माल आणि अर्धवट माल यांच्या साठ्यातला बदल. खर्चाच्या यादीत असूनही तिचा आकडा बऱ्याचदा कंसात छापलेला असतो. हिशेबाबाहेरचा माणूस ती ओळ सोडून पुढे जातो. बहुतेक गैरसमज मात्र याच ओळीत दडलेले असतात.

जून, जुलै आणि ऑगस्ट असे तीन महिने घेऊ. जूनमध्ये १०,००० नग केले आणि १०,००० विकले. वरच्या पट्टीप्रमाणे नफा ५ लाख. जुलैमध्ये कारखाना पूर्ण क्षमतेने चालला आणि १२,५०० नग झाले. पण ग्राहकाने उचल पुढे ढकलली आणि विक्री १०,००० नगांचीच झाली. २,५०० नग गोदामात उभे राहिले. ऑगस्टमध्ये कारखान्याने १०,००० केले, गोदामातले २,५०० काढले आणि १२,५०० विकले.

मॅनेजरांना हे तीन महिने सांगून आधी एकच प्रश्न विचारायचा: कोणत्या महिन्यात नफा सगळ्यात जास्त? सगळे ऑगस्ट म्हणतात. विक्री सव्वापट झाली म्हटल्यावर दुसरं कोण काय म्हणणार?

पत्रक मात्र जुलैचा नफा ९ लाख दाखवतं आणि ऑगस्टचा साडेआठ लाख.

इथे घाई करायची नाही. फळ्यावर खडूने मांडणी करावी आणि लोकांना वहीत उतरवून घेऊ द्यावं. जुलैचा प्रत्यक्ष खर्च बघू. १२,५०० नगांचं कास्टिंग ७५ लाख. वीज, टूल वगैरे साडेबारा लाख. कारखान्याचा ठरलेला खर्च, म्हणजे नग कमी होवोत की जास्त, होणारच असा, २० लाख. ऑफिस, विक्री आणि व्याज मिळून ५ लाख. बेरीज साडेबारा लाखांनी १०० च्या वर जाते: ११२.५ लाख. विक्री तर १०० लाख. मग तोटा का नाही? कारण गोदामात उभ्या असलेल्या २,५०० नगांवर झालेला खर्च हा जुलैच्या विक्रीचा खर्च नाही. ते नग विकले जातील तेव्हा तो त्या महिन्याच्या माथी पडेल. तोवर तो बाजूला ठेवायचा. एका नगावर ६०० चं कास्टिंग, १०० ची वीज-टूल, आणि कारखान्याच्या २० लाखांतला १२,५०० नगांत वाटलेला हिस्सा १६० रुपये. एकूण ८६०. गुणिले २,५०० म्हणजे साडेएकवीस लाख. हाच तो कंसातला आकडा. ११२.५ मधून २१.५ वजा केले की ९१ राहतात. विक्री १००, खर्च ९१, नफा ९.

आता जून आणि जुलै शेजारी ठेवून बघा. विक्री तेवढीच, ग्राहक तेच, भाव तोच. नफा ५ चा ९ झाला. हे ४ लाख कुठून आले? त्या १६० रुपयांतून. २,५०० नगांबरोबर कारखान्याच्या पगारातला, घसाऱ्यातला आणि देखभालीतला ४ लाखांचा हिस्सा गोदामात जाऊन बसला. जूनमध्ये तो सगळा एका महिन्याच्या अंगावर पडला होता. जुलैमध्ये त्याचा एक भाग पुढे ढकलला गेला. यात लबाडी नाही. साठ्याचं मूल्य धरताना उत्पादनाचा ठरलेला खर्च कारखान्याच्या नेहमीच्या क्षमतेप्रमाणे वाटून त्यात मिळवायचा, असं लेखा मानकच सांगतं, आणि या कारखान्याची क्षमता १२,५०० नगांची आहे. ऑगस्टमध्ये ते नग विकले गेले आणि सोबतचे ४ लाखही परत आले. त्या महिन्यात साठा घटला म्हणून साडेएकवीस लाखांचा तोच आकडा कंसाशिवाय, खर्चात मिळवून छापला गेला. विक्री १२५ लाख, महिन्याचा खर्च ९५ लाख, वर साडेएकवीस, उरले साडेआठ.

पुढचा आकडा मी नेहमी शेवटी ठेवतो. समजा जुलैमध्ये सगळ्या ग्राहकांनी त्याच महिन्यात पैसे दिले आणि आपणही सगळ्यांची देणी त्याच महिन्यात चुकवली. घसाऱ्याचे ३ लाख प्रत्यक्षात कोणाला द्यायचे नसतात, म्हणून ते सोडू. तर आत आले १०० लाख आणि बाहेर गेले १०९.५ लाख. पत्रकावर ९ लाख नफा आणि बँकेतून साडेनऊ लाख कमी, एकाच महिन्यात. कारखान्याचे मालक पगाराच्या आदल्या दिवशी ओव्हरड्राफ्टसाठी बँकेत का बसलेले असतात, ते या स्लाइडवर समजतं.

उत्पादन प्रमुखांना याची सर्वांत जास्त गरज असते. त्यांचा बोनस महिन्याच्या नफ्याशी जोडलेला असेल तर न खपणारा मालही करत राहावा, असं त्यांना हे पत्रकच सुचवत असतं. मशीन चालू, माणसं कामात, नफा वर. फसगत उघडी पडते ती दोन-तीन तिमाहींनंतर. माल जुना होतो, डिझाइन बदलतं आणि साठ्याची किंमत खाली आणावी लागते. साठा खर्चाच्या किंवा बाजारात मिळेल त्या किमतीच्या, यातल्या कमी असलेल्या रकमेला धरायचा असतो. म्हणून ८६० चा नग ५०० लाच खपणार असेल तर ३६० रुपये त्या दिवशी नफ्यातून कापले जातात. खूण ओळखणं सोपं आहे. विक्री न वाढता नफा वाढला आणि कंसातला आकडा मोठा झाला, की थांबायचं आणि विचारायचं.

तिसरी स्लाइड निर्णयांची. यासाठी पहिलीच पट्टी घ्यायची आणि तिचे दोनच रंग करायचे. एक रंग नगागणिक वाढणाऱ्या खर्चाचा: कास्टिंगचे ६० आणि वीज-टूल-जॉबवर्कचे १०, मिळून ७०. दुसरा रंग ठरलेल्या खर्चाचा: २५. प्रत्येक १,००० रुपयांच्या नगातून ७०० गेले की ३०० राहतात. त्या ३०० ला हिशेबात काँट्रिब्यूशन म्हणतात. नगांनी आणलेले हे तीनशे-तीनशे रुपये आधी २५ लाखांचा खड्डा भरतात आणि खड्डा भरल्यावर जे साठतं तो नफा. एवढं सांगून एकेका विभागाला त्याचा निर्णय पट्टीवर ठेवून बघायला लावायचं.

विक्रीपासून सुरुवात करू. ग्राहकाने २ टक्के सूट मागितली. २ टक्के ऐकायला किती लहान वाटतात! पण कास्टिंगवाला आपला भाव कमी करत नाही, पगार कमी होत नाहीत. ते २ रुपये थेट तळाच्या ५ रुपयांतून जातात आणि ३ उरतात. म्हणजे २ टक्के सुटीने ४० टक्के नफा गेला. तो भरून काढायला किती नग जास्त विकावे लागतील? आता नगामागे २८० राहतात. २५ लाख खर्च आणि ५ लाख नफा मिळून ३० लाख हवेत. ३० लाखांना २८० ने भागलं की १०,७१५ नग येतात. ७१५ नग जास्त विकले तर आपण होतो तिथेच पोचतो. याचा अर्थ सूट देऊच नये असा नाही. क्षमता १२,५०० ची आहे, मशीन मोकळी उभी आहेत, आणि त्या सुटीमुळे ११,५०० नग जात असतील तर नफा ७ लाख २० हजार होतो. सूट द्यावी. पण सकाळी द्यायचं कबूल करून संध्याकाळी हिशेब विभागाला कळवण्याऐवजी, "किती नग जास्त घेणार?" हा प्रश्न ग्राहकासमोर बसूनच विचारता आला पाहिजे. ७१५ हा आकडा खिशात असला की विचारता येतो.

खरेदीचा किस्सा गुणवत्तेशी जोडलेला आहे, म्हणून दोघांना शेजारी बसवावं. खरेदी विभागाने कास्टिंगचा भाव १ टक्क्याने खाली आणला. महिन्याला ६० हजार वाचले, म्हणजे नफ्यात १२ टक्क्यांची भर. कौतुकाची गोष्ट आहे. आता रिजेक्शन बघू. महिन्याला २०० नग मशीनिंगनंतर बाद होतात असं धरू. कास्टिंगच्या पोटात वायूची पोकळी राहिलेली असते, ब्लो-होल म्हणतात त्याला. ती बाहेरून दिसत नाही, टूल आत गेल्यावरच उघडी पडते. बाद नगावर साधारण ७०० रुपये लागून गेलेले असतात आणि भंगारात २०० येतात. निव्वळ नुकसान ५००. गुणिले २०० म्हणजे महिन्याला १ लाख. (फाउंड्रीला डेबिट नोट लावून काही पैसे परत मिळतात, ते इथे धरलेले नाहीत.)

हा १ लाख पत्रकात शोधा. सापडणार नाही. बाद नगांचं कास्टिंग कच्च्या मालाच्या ओळीत चांगल्या नगांबरोबर बसलं आहे. त्यावरची वीज आणि टूल इतर खर्चात आहेत. आणि भंगाराचे ४० हजार तर चक्क वर, उत्पन्नाच्या बाजूला, कामकाजातून मिळालेलं इतर उत्पन्न म्हणून आले आहेत. रिजेक्शन वाढलं की पत्रकातली ती उत्पन्नाची ओळ वाढते! आता पुढचं. स्वस्त कास्टिंगमध्ये ब्लो-होल जास्त निघाले आणि बाद नग २०० वरून ३२० वर गेले. जादा १२० नगांचे प्रत्येकी ५०० म्हणजे ६० हजार. खरेदीने वाचवलेले ६० हजार तिथेच संपले. खरेदी विभागाच्या अहवालात बचत कायम राहिली, पत्रकात नफा तेवढाच राहिला, आणि दोन्हींमधला धागा कोणालाच दिसला नाही. हा धागा दाखवणं हे तिसऱ्या स्लाइडचं काम. सहा विभागांचे सहा निर्णय मांडायला जाऊ नका. असे दोन पुरेत, पण पूर्ण मांडा.

या स्लाइडची मर्यादाही तिथेच सांगून टाकावी. ठरलेला खर्च कायमचा ठरलेला नसतो. १२,५०० च्या पुढे एक नग जरी हवा असला तरी जादा पाळी लावावी लागते, सुपरवायझर लागतो, बस लागते, आणि २५ चे एकदम २८ होतात. शिवाय ३०० रुपये ही सरासरी आहे. एका पंपाच्या बॉडीत ४०० सुटत असतील आणि दुसऱ्या कव्हरमध्ये १५०. विक्री विभागाने कव्हरची मोठी ऑर्डर आणली तर उलाढाल वाढून नफा जागेवरच राहू शकतो. हे सविस्तर बघायचं असेल तर ती वेगळी बैठक, वेगळ्या दिवशी.

चौथी स्लाइड कोरी नेतो. फक्त डाव्या कोपऱ्यात मागच्या महिन्याचा नफा, उजव्या कोपऱ्यात या महिन्याचा, आणि मध्ये पायऱ्या काढायला जागा. जून ते ऑगस्टचंच उदाहरण घ्या. डावीकडे ५, उजवीकडे साडेआठ. २,५०० नग जास्त विकले, नगामागे ३०० सुटले, म्हणून साडेसात लाखांची एक पायरी वर. जुलैत गोदामात गेलेला ४ लाखांचा खर्च परत आला, ती एक पायरी खाली. ५ अधिक ७.५ वजा ४, साडेआठ. संपलं. स्पिंडलसारखी दुरुस्ती झाली असेल तर तिची एक पायरी, सूट दिली असेल तर तिची एक. पायऱ्या चार-पाचांहून जास्त झाल्या तर बारक्या एकत्र कराव्यात. आणि प्रत्येक पायरी ज्याच्या निर्णयाने घडली, खडू त्याच्या हातात द्यावा. त्यालाच ती काढू द्यावी आणि कारणही त्यानेच सांगावं. आकडा मी सांगतो तेव्हा लोक ऐकून घेतात. स्वतः पायरी काढतात तेव्हा भांडतात, दुरुस्त करतात, आणि मला ठाऊक नसलेली कारणं बाहेर येतात. एकदा वीजबिलाच्या वाढीमागे कंप्रेसरची गळती असल्याचं मला याच पायरीवर कळलं. खात्यांत मी ते शोधून शोधून थकलो होतो.

स्थगित कर, अपवादात्मक बाबी, प्रति समभाग कमाई हे सगळं मी या चार स्लाइडमध्ये ठेवत नाही. ते महत्त्वाचं नाही असं नव्हे, पण उत्पादन किंवा खरेदीचा माणूस आपल्या कोणत्याही निर्णयाने ते हलवू शकत नाही. कुठलीही ओळ ठेवायची की गाळायची, हे मी याच कसोटीवर ठरवतो: समोर बसलेल्यांपैकी कोणी तरी ती हलवू शकतो का? घसाऱ्याच्या तीन पद्धती समजावण्यात जाणारा अर्धा तास साठ्याच्या ओळीला द्यावा.

एक गोष्ट मात्र तोंडी सांगायलाच हवी. ग्राहकाकडे अडकलेले पैसे, कर्जाच्या हप्त्यातली मुद्दल आणि मशीनसाठी दिलेली रक्कम या पत्रकात दिसत नाहीत. विक्री बिल निघून माल गेला की नोंदली जाते, पैसे ९० दिवसांनी आले तरी. त्यासाठी ताळेबंद आणि रोख प्रवाहाचं पत्रक आहे. नफा दिसतोय म्हणजे पैसा आहे, असं समजून कोणी या खोलीतून उठू नये.

सगळं सांगून झाल्यावर "समजलं ना?" असं विचारत नाही. त्यावर सगळेच मान हलवतात. पुढच्या महिन्याचं पत्रक आलं की साठ्याच्या बदलाची ओळ आणि नफा झाकून बाकीचे आकडे देतो, आणि गोदामात नग वाढले की घटले एवढंच सांगतो. नफा किती असेल याचा अंदाज प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचा. आकडा चुकला तरी हरकत नाही, दिशा बरोबर हवी. तिसऱ्या महिन्यात सहापैकी पाच चिठ्ठ्यांची दिशा बरोबर आली. त्या दिवशी स्टोअरच्या मॅडमनी आपण होऊन विचारलं, "सर, महिनाअखेरीची मोजणी आम्ही दोन दिवस उशिरा करतो, त्याने हा कंसातला आकडा चुकतो का?" चुकत होता. त्या महिन्यापासून मोजणी शेवटच्या पाळीनंतर त्याच रात्री व्हायला लागली.

तुमच्या हाती तुमच्या कंपनीचं महिन्याचं पत्रक येत असेल, तर नफ्याच्या आकड्यावर आधी जाऊ नका. साठ्यातल्या बदलाची ओळ शोधा. आकडा मोठा असेल आणि कंसात असेल, तर पत्रक मिटून एकदा गोदामात चक्कर मारा आणि तिथे उभा असलेला माल कोण, कधी उचलणार आहे, ते विचारून या.